चोवीस फुटांचा बॅकड्रॉप, सोळा फुटांचे स्टेज: डेकोरेटरकडून अंशतः परतावा मिळवण्याचे नऊ महिने

आमच्या मुलीच्या लग्नाचा स्वागत समारंभ १६ फेब्रुवारी २०२५ रोजी, रविवारी संध्याकाळी सात वाजता नाशिकमधल्या एका कार्यालयात होता. साडेपाचला मी आणि माझे यजमान हॉलवर पोहोचलो, तेव्हा स्टेजवर दोन मुले स्टुलावर उभी राहून कापडाला स्टेपलर मारत होती. ठरलेल्या सजावटीचे थ्रीडी डिझाइन माझ्या फोनमध्ये होते. ते उघडून मी स्टेजकडे पाहिले आणि पहिल्यांदा वाटले की काम अजून अर्धे व्हायचे आहे. त्या मुलांना विचारले, तर त्यांतला एक म्हणाला, "मावशी, एवढंच सामान दिलंय. आता फक्त सोफा लावायचा."

त्या वाक्यापासून पैसे परत मिळेपर्यंत जे घडले, ते तारखांसह लिहीत आहे. आम्हाला त्या वेळी असे एखादे टिपण मिळाले असते, तर आमचे किमान दोन महिने वाचले असते.

ठरले काय होते, ते आधी सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेकोरेटरने एकूण १,६०,००० रुपयांचे कोटेशन दिले होते. त्यात स्टेजच्या सजावटीचे १,२०,००० आणि प्रवेशद्वाराची कमान व पॅसेजचे ४०,००० रुपये होते. स्टेजखाली पाच गोष्टी लिहिलेल्या होत्या: २४ फूट रुंद आणि १२ फूट उंच बॅकड्रॉप, त्यावर सर्व नैसर्गिक फुले, सहा फायबरचे खांब, बारा एलईडी पार लाइट आणि सोफ्यासह पुढची मांडणी. मात्र या पाचही गोष्टींची किंमत वेगवेगळी दिलेली नव्हती, सगळ्यांची मिळून एकच रक्कम होती. ही चूक आमची होती आणि तिने पुढे आम्हाला सर्वांत जास्त दमवले. कोटेशन घेताना प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहून घ्या. डेकोरेटर कुरकुरतो, पण लिहून देतो.

प्रत्यक्षात बॅकड्रॉप नजरेलाच अपुरा दिसत होता. दोन्ही बाजूंना हॉलची मागची भिंत उघडी होती आणि डाव्या बाजूला कापड संपून लोखंडी पाइप दिसत होता. मी जवळ जाऊन फुलांना हात लावला. वरच्या कमानीत गुलाब आणि शेवंती खरी होती, परंतु खालचे सगळे गुच्छ प्लास्टिकचे होते आणि एका गुच्छाच्या पानांवर आधीच्या कुठल्या तरी कार्यक्रमाची चमकी तशीच चिकटलेली होती. खांब चार होते. पार लाइट किती पेटतात ते माझ्या धाकट्या मुलाने मोजले, ते सहा भरले.

डेकोरेटरला फोन केला, तेव्हा त्याने त्या दिवशी तिथी मोठी असल्याचे, माणसे कमी पडल्याचे आणि "रात्री लाइट लागल्यावर कळणार नाही" असे सांगितले. तो स्वतः साडेनऊला आला, तोही उरलेले ४०,००० रुपये न्यायला. आधीचे १,२०,००० रुपये आम्ही दोन हप्त्यांत यूपीआयने दिलेले होते. यजमानांनी उरलेली रक्कम देण्यास नकार दिला, तेव्हा त्याने माणसांना लाइट काढायला सांगतो असे शांतपणे सुनावले. पाहुण्यांची रांग स्टेजवर होती. आम्ही पैसे दिले.

पैसे देण्यापूर्वी मुलाने मात्र एक शहाणपणाचे काम केले. त्याने डेकोरेटरला व्हॉट्सॲपवर लिहिले, "ठरल्याप्रमाणे बॅकड्रॉप, फुले, खांब व लाइट आलेले नाहीत. कार्यक्रम अडू नये म्हणून उरलेली रक्कम हरकत नोंदवून देत आहोत." रात्री ९.४१ ची ती वेळ आणि त्यापुढच्या दोन निळ्या खुणा पुढे फार उपयोगी पडल्या. त्यानेच स्टेजचे फोटो आणि सलग चालत काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन ठेवला होता. स्टेजवर माणसे असतील तर फुले आणि खांब झाकले जातात, म्हणून पाहुणे येण्यापूर्वी रिकाम्या स्टेजचे फोटो काढणे आवश्यक आहे.

दोन दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, आम्ही पहिला निरोप पाठवला. तो आज वाचला तर मलाच संकोच वाटतो. यजमानांनी स्टेजचे संपूर्ण १,२०,००० रुपये मागितले होते, 'फसवणूक' हा शब्द तीनदा वापरला होता आणि कोणती वस्तू किती कमी आली याचा एकही आकडा दिला नव्हता. उत्तर आले की स्टेज लागले, कार्यक्रम झाला, फोटोही काढले, मग पैसे कसले परत द्यायचे. पुढच्या कार्यक्रमाला दहा टक्के सूट देऊ. राग बाजूला ठेवून पाहिले तर त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. स्टेज अजिबात लागले नव्हते असे नाही. आमचे नुकसान जेवढे कमी आले तेवढ्याचेच होते आणि ते किती, हे आम्हालाच दाखवायचे होते.

माझी एक मैत्रीण वकिली करते. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बॅकड्रॉप सोळा फुटांचा होता हे कशावरून?" आम्ही टेप लावून मोजले नव्हते. तिने आम्हाला पुन्हा हॉलवर पाठवले.

२२ फेब्रुवारीला, शनिवारी, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आम्ही रिकाम्या हॉलमध्ये टेप लावला. फोटोग्राफरने बरोबर समोरून काढलेल्या एका फोटोत मागच्या भिंतीवरच्या एसीच्या दोन जाळ्या बॅकड्रॉपच्या वर स्पष्ट दिसत होत्या. त्या दोन जाळ्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर भरले २० फूट. फोटोची मोठी प्रिंट काढून त्यावर पट्टीने मोजले, तर जाळ्यांमधले अंतर २५ सेंटिमीटर आणि बॅकड्रॉपची रुंदी २० सेंटिमीटर आली. म्हणजे बॅकड्रॉप १६ फुटांचा. त्याच रीतीने उंची १० फूट निघाली.

आम्ही आधी स्टेजच्या पुढच्या कडेवरून हिशेब करणार होतो, तो चुकला असता, कारण पुढची कड कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने मोठी दिसते आणि मागची वस्तू तिच्या तुलनेत लहान वाटते. मोजण्याची खूण त्या वस्तूच्या शक्य तितक्या जवळ, त्याच पातळीत असावी लागते. बॅकड्रॉप भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे होता, म्हणजे भिंतीच्या मापाने तो खऱ्यापेक्षा किंचित मोठाच ठरत होता. ही चूक डेकोरेटरच्या फायद्याची आहे, असे आम्ही कागदावर स्पष्ट लिहिले.

मग प्रश्न आला पैशांचा. एकरकमी १,२०,००० रुपयांतले बॅकड्रॉपचे किती आणि फुलांचे किती? यासाठी आम्ही तेच थ्रीडी डिझाइन शहरातल्या दुसऱ्या दोन डेकोरेटरांना दाखवून, प्रत्येक बाबीचे दर वेगळे लिहिलेली कोटेशने मागितली. एकाने लगेच दिले, दुसऱ्याकडे तीन चकरा झाल्या. दोघांच्या एकूण रकमा वेगळ्या होत्या, पण वाटणी जवळपास सारखी होती. तिची सरासरी काढून आम्ही बॅकड्रॉपला ४० टक्के, फुलांना ३५, लाइटला १०, खांबांना ८ आणि सोफ्याच्या मांडणीला ७ टक्के धरले. १,२०,००० रुपयांना हे प्रमाण लावल्यावर त्या बाबी अनुक्रमे ४८,०००, ४२,०००, १२,०००, ९,६०० आणि ८,४०० रुपयांच्या ठरल्या.

बॅकड्रॉप २८८ चौरस फुटांचा ठरला होता आणि १६० चौरस फुटांचा आला. १२८ चौरस फूट कमी, म्हणून त्याचे २१,३३३ रुपये. खांब सहापैकी दोन आले नाहीत, त्याचे ३,२००. लाइट निम्मेच पेटले, त्याचे ६,०००. फुलांवरून घरात वाद झाला. यजमानांचे म्हणणे होते की दोन तृतीयांश फुले खोटी होती, तर दोन तृतीयांश पैसे मागावेत. माझे म्हणणे होते की प्लास्टिकच्या फुलांनाही भाडे असते आणि ती लावायला माणूसही लागतो, म्हणून निम्मेच मागावेत. शेवटी २१,००० लिहिले. सोफा आणि मांडणीबद्दल तक्रार नव्हती, तिथे शून्य लिहिले. एकूण ५१,५३३ रुपये झाले आणि आम्ही ५१,५०० मागितले. प्रवेशद्वाराची कमान ठरल्याप्रमाणे, किंबहुना अपेक्षेपेक्षा सुंदर झाली होती आणि तेही पत्रात नमूद केले. जे मिळाले ते मान्य केल्यावर उरलेल्या तक्रारीला वजन येते, असा मैत्रिणीचा सल्ला होता.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम वगळली. समारंभाच्या रात्रीच डेकोरेटरच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर दुसऱ्या कार्यालयातले स्टेज दिसले होते आणि आमच्या डिझाइनमधले सोनेरी जाळीचे पॅनल तिथे उभे असावेत असे मुलाचे ठाम मत होते. ते खरेही असेल. परंतु ते सिद्ध करणे अवघड होते आणि सामान कुठे गेले याने आमच्याकडे ते आले नाही या गोष्टीत काही फरक पडत नव्हता.

१० मार्चला हे पत्र तक्त्यासह ईमेलने आणि पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. सोबत पक्के बिलही मागितले, कारण आम्हाला शेवटपर्यंत फक्त कोटेशन मिळाले होते. सेवा देऊन बिल वा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे मला तोवर माहीत नव्हते. पोचपावती १७ मार्चला परत आली. २२ तारखेला फोन आला आणि पाच हजार रुपयांवर विषय संपवण्याची तयारी दाखवली गेली. आम्ही नकार दिला. मात्र दहा टक्के सुटीवरून गोष्ट रोख रकमेवर आली होती आणि ती तक्त्यामुळे आली होती, हे आमच्या लक्षात आले.

१ एप्रिलला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आले, नोंदणी क्रमांक मिळाला आणि तक्रार डेकोरेटरकडे पाठवली गेली. येथे अपेक्षा नेमकी ठेवावी. ही हेल्पलाइन दावा दाखल होण्यापूर्वी दोघांत तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्या तिला उत्तर देतात. आमच्या डेकोरेटरने दिले नाही. महिनाभराने जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला मिळाला. ६ मे रोजी वकिलामार्फत नोटीस पाठवली, तिचे २,५०० रुपये झाले. तक्रार दाखल करण्यासाठी अशी नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, पण तिला आलेले उत्तर आम्हाला उपयोगी पडले.

२४ मेच्या त्या उत्तरात तीन मुद्दे होते. डिझाइनचे चित्र केवळ संदर्भासाठी होते. लग्नसराईत फुलांचे भाव वाढल्याने बदल करावा लागला. आणि आम्ही पूर्ण रक्कम दिली याचा अर्थ काम समाधानकारक होते. पहिल्या मुद्द्याला त्याचाच २४ जानेवारीचा संदेश उत्तर होता, ज्यात त्याने "२४ फुटी बॅकड्रॉप, फुले सगळी नॅचरल" असे लिहिले होते. भाव वाढले म्हणताना फुले बदलली हे त्याने स्वतःच मान्य केले होते. तिसऱ्याला ९.४१ चा निरोप पुरेसा होता. त्यामुळे चॅट जपा, फोटोंसह एक्स्पोर्ट करून ठेवा आणि फोन बदलला तरी प्रकरण संपेपर्यंत जुना फोन विकू नका.

जूनमध्ये ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरायला घेतली. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. डेकोरेटर शेजारच्या जिल्ह्यातला होता, पण २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणून आम्हाला नाशिक सोडावे लागले नाही. मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे घाई नव्हती. घटनाक्रम, मागणी, तक्ता, कोटेशने, यूपीआयच्या नोंदी, संदेश, फोटो आणि नोटरी केलेले शपथपत्र असे सगळे पीडीएफ करून जोडले. फोटो व संदेश मुलाच्या फोनमधले असल्याने त्याचे वेगळे शपथपत्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्रही मैत्रिणीने लावायला सांगितले. परताव्याशिवाय मानसिक त्रासाचे २५,००० आणि खर्चाचे १०,००० मागितले.

२० जूनला दाखल केलेली तक्रार त्रुटी काढून परत आली. पानांना सलग क्रमांक नव्हते, ते घालणे सोपे होते. दुसरी त्रुटी महत्त्वाची होती. आम्ही विरुद्ध पक्ष म्हणून दुकानाच्या पाटीवरचे नाव लिहिले होते. व्यवसाय एकाच मालकाचा असेल तर त्या नावाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसते. मालकाचे नाव आणि 'प्रोप्रायटर' म्हणून त्याच्या व्यवसायाचे नाव असे लिहावे लागते. मालकाचे पूर्ण नाव आम्हाला यूपीआयच्या पावतीवर सापडले. ३० जूनला दुरुस्ती केली.

१८ जुलैला पहिली तारीख होती. वकील लावणे आवश्यक नसल्याने मी स्वतःच उभी राहिले. दोन तास बसल्यावर पुकारा झाला आणि चार-पाच मिनिटांत तक्रार दाखल करून घेऊन नोटीस काढण्यात आली. आदल्या रात्री मी पाठ केलेले भाषण बोलण्याची वेळच आली नाही. पाय थरथरत होते, हे मात्र खरे.

डेकोरेटरला नोटीस ८ ऑगस्टला मिळाली. लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिलेले जास्तीत जास्त १५ दिवस, एवढीच मुदत असते. १२ सप्टेंबरच्या तारखेला त्याचे वकील आले आणि म्हणणे दाखल झाले. त्यात नवीन काहीच नव्हते. आयोगाने मध्यस्थीने मिटवण्यास तयार आहात का, असे दोघांना विचारले. मी होकार दिला. घरी यजमानांना ते आवडले नाही. आपली बाजू इतकी भक्कम असताना माघार कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु पुरावा, युक्तिवाद, निकाल आणि त्यावर अपील झाले तर राज्य आयोग, हा रस्ता मला दिसत होता. कायद्यात तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले असले तरी बोर्डावरची यादी पाहिली की अंदाज येतो.

मध्यस्थी १० ऑक्टोबरला झाली. खोलीत आम्ही तिघे, डेकोरेटर, त्याचे वकील आणि मध्यस्थ होते. आठ महिन्यांनी तो माणूस समोर पाहून मला राग येईल असे वाटले होते, पण तो टेबलावर ठेवलेल्या आमच्या तक्त्याकडेच पाहत होता. मध्यस्थांनी एकेक ओळ घेतली. खांब आणि लाइट त्याने लगेच मान्य केले. बॅकड्रॉपवर त्याने माप कसे काढले ते विचारले. मुलाने प्रिंट पुढे ठेवून एसीच्या जाळ्या दाखवल्या, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "हां, तो आठ-आठचे दोन पॅनलच होते." दोन आठ फुटी पॅनल म्हणजे सोळा फूट. एवढे दिवस आम्ही सेंटिमीटर मोजत होतो आणि त्याला ते तोंडपाठ होते.

फुलांवर तो अडला. नैसर्गिक फुले दुपारी उतरली, म्हणून ऐनवेळी बदलली असे त्याचे म्हणणे होते. तिथे आम्ही २१,००० ऐवजी साडेनऊ हजारांवर आलो, मानसिक त्रास आणि खर्चाची मागणी सोडली आणि ४०,००० रुपयांवर तडजोड झाली. २०,००० त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने आणि उरलेले ३१ ऑक्टोबरपर्यंत, शिवाय मूळ कामाचे पक्के बिल, असे लेखी ठरले. हप्ता चुकल्यास काय, हे वाक्य मसुद्यात नव्हते; विलंब झाल्यास व्याज देण्याचे कलम आम्ही मागून घालून घेतले. सही करण्यापूर्वी मसुदा दोनदा वाचा, कोणी घाई केली तरी.

दुसरा हप्ता ३० ऑक्टोबरला आला आणि ७ नोव्हेंबरला तडजोडीनुसार प्रकरण निकाली काढल्याचा आदेश झाला. नोटीस, नोटरी, प्रिंट आणि पोस्ट मिळून आमचे सुमारे ३,७०० रुपये खर्च झाले, आणि माझ्या तीन रजा.

लग्नाचा अल्बम या सगळ्यामुळे रखडला होता, कारण मुलगी फोटो निवडायलाच बसत नव्हती. डिसेंबरमध्ये ती माहेरी आली तेव्हा तिने निवडले. समोरून काढलेला स्टेजचा फोटो तिने घेतला नाही. तो पेन्सिलच्या रेघांसह फाइलमध्येच आहे. मुखपृष्ठावर तिने प्रवेशद्वाराच्या कमानीखालचा फोटो लावला आहे.